एका एनव्हीएमई ड्राइव्हने बंद केलेले दोन साटा पोर्ट : एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील संगणक घरातील सर्वांच्या फाइल साठवण्यासाठी चोवीस तास चालू असे. त्याचा मदरबोर्ड इंटेलच्या झेड३७० चिपसेटवरचा होता आणि त्यावर सहा साटा पोर्ट व दोन एम.२ स्लॉट होते. SATA1 वर लिनक्स बसवलेला छोटा एसएसडी होता, SATA2 मोकळा होता आणि SATA3 ते SATA6 या चार पोर्टांवर प्रत्येकी ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क रेड-५ पद्धतीने एकत्र जोडलेल्या होत्या. रेड-५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीसाठी खर्च होते, त्यामुळे वापरण्याजोगी जागा १२ टीबी होती आणि चारपैकी कोणतीही एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहणार होती. दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तर मात्र काहीही उरणार नव्हते.

मालकाने त्यात १ टीबीचा एक एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे साटाऐवजी पीसीआयई जोडणीवर चालणारा एसएसडी, बसवायचे ठरवले. M2_1 हा स्लॉट ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला होता आणि M2_2 हा बोर्डाच्या खालच्या भागात सहज हाताला येणारा होता, म्हणून ड्राइव्ह M2_2 मध्ये बसला. संगणक नेहमीसारखा सुरू झाला आणि नवा ड्राइव्हही दिसला, परंतु चार डिस्कांचा अ‍ॅरे उभा राहिला नाही, कारण त्यातल्या दोन डिस्क यंत्रणेला दिसतच नव्हत्या.

अशा वेळी पहिला संशय केबलवर जातो आणि तो अवाजवी नसतो, कारण ड्राइव्ह बसवताना पेटी उघडलेली असते, हात आत गेलेला असतो आणि साटाची केबल थोड्या धक्क्यानेही सैल होऊ शकते. मालकाने दोन्ही डिस्कांच्या डेटा केबल बदलल्या, वीजपुरवठ्याच्या जोडण्या काढून पुन्हा घट्ट बसवल्या, तरी परिस्थिती तीच राहिली. मग त्याने SATA5 वरची केबल काढून मोकळ्या SATA2 मध्ये लावली आणि ती डिस्क ताबडतोब दिसू लागली. डिस्क जिवंत आहे आणि दोष पोर्टाच्या बाजूला आहे हे त्यावरून सिद्ध झाले, पण मालकाने त्यातून काढलेला निष्कर्ष असा होता की ड्राइव्ह बसवताना मदरबोर्डाला इजा होऊन त्याचे दोन पोर्ट निकामी झाले असावेत.

या चाचणीचा एक परिणाम त्या वेळी कोणाच्या लक्षात आला नाही. दोन डिस्क गायब असताना अ‍ॅरे सुरूच होऊ शकत नव्हता, त्यामुळे त्यावर काही लिहिलेही जात नव्हते, आणि एका अर्थी तीच सर्वांत सुरक्षित अवस्था होती. तिसरी डिस्क SATA2 वर दिसू लागल्यावर मात्र चारपैकी तीन डिस्क हजर झाल्या आणि रेड-५ ला चालण्यासाठी तेवढ्या पुरतात. यंत्रणेने चौथ्या डिस्कची थोडा वेळ वाट पाहिली आणि मग अपुऱ्या अवस्थेत अ‍ॅरे सुरू केला. फाइल लिहिल्या जाऊ लागल्या आणि SATA6 वर बंद पडून राहिलेली चौथी डिस्क, स्वतः पूर्ण निरोगी असूनही, बाकीच्या तिघींच्या मागे पडत गेली. या गोष्टीचे पुढे काय झाले ते नंतर येईलच, पण क्रम लक्षात घेण्यासारखा आहे : डिस्क नव्या ड्राइव्हनंतर गायब झाल्या असतील, तर केबलींची अदलाबदल करण्याआधी संगणक बंद करून तो नवा ड्राइव्ह काढून पाहणे ही सर्वांत निरुपद्रवी चाचणी आहे.

ती चाचणी करण्याआधीही लिनक्सच्या नोंदींमध्ये पुरेसा पुरावा उपलब्ध होता. साटा पोर्टांचे नियंत्रण करणारा भाग सुरू होताना आपल्याकडे कोणते पोर्ट आहेत हे जाहीर करतो आणि ती ओळ अशी पाहता येते :

```
dmesg | grep -i ahci
ahci 0000:00:17.0: AHCI 0001.0301 32 slots 6 ports 6 Gbps 0xf impl SATA mode
```

या ओळीतील `impl` च्या आधीचा आकडा महत्त्वाचा आहे. तो सोळा-आधारी पद्धतीत लिहिलेला असतो आणि त्याचा प्रत्येक बिट एका पोर्टासाठी असतो. सहाही पोर्ट उपलब्ध असतील तर तो `0x3f` असतो, म्हणजे सहा बिट चालू. येथे `0xf` होता, म्हणजे फक्त चार. नव्या कर्नलमध्ये हीच माहिती `port mask` या शब्दांसह छापली जाते, अर्थ तोच. डिस्क बिघडली असती किंवा केबल तुटली असती, तर पोर्ट आपल्या जागी राहिला असता, आकडा `0x3f` च दिसला असता आणि त्या पोर्टापुढे `SATA link down` अशी नोंद आली असती. येथे पोर्टावर काही सापडत नव्हते असे नव्हे, तर नियंत्रकाच्या लेखी ते दोन पोर्ट अस्तित्वातच नव्हते, आणि कर्नल अशा पोर्टापुढे `DUMMY` असे लिहितो. निकामी झालेला पोर्ट स्वतःला यादीतून काढून घेत नाही. तो यादीतून काढणारे मदरबोर्डाचे फर्मवेअर, म्हणजे बायोस, असते आणि ते तसे जाणूनबुजून करते. या पुराव्याला एक मर्यादा आहे : काही बोर्डांत फर्मवेअर हा आकडा बदलत नाही आणि बंद केलेला पोर्ट नुसता रिकामा असल्यासारखा दिसतो. म्हणून आकडा कमी झालेला दिसला तर ते पोर्ट बंद केल्याचे ठोस चिन्ह मानावे, पण तो पूर्ण दिसला एवढ्यावरून उलट निष्कर्ष काढू नये.

फर्मवेअरने हे का केले, याचे उत्तर चिपसेटच्या रचनेत आहे. झेड३७० च्या तपशिलात जास्तीत जास्त २४ पीसीआयई लेन म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिका, ६ साटा पोर्ट आणि १० यूएसबी ३ पोर्ट असे आकडे दिलेले असतात. त्यांची बेरीज ४० होते. परंतु या सगळ्यांसाठी चिपमधून बाहेर येणाऱ्या अतिवेगवान जोडण्या फक्त ३० आहेत. म्हणजे हे तिन्ही कमाल आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. इंटेलने त्या ३० पैकी काही जोडण्या बहुउपयोगी ठेवल्या आहेत : तीच जोडणी एका बोर्डावर पीसीआयई लेन म्हणून वापरता येते, तर दुसऱ्यावर साटा पोर्ट म्हणून. कोणती जोडणी कुठे न्यायची हे बोर्ड बनवणारा ठरवतो, आणि त्याला सहा साटा पोर्टही द्यायचे असतील व दोन पूर्ण वेगाचे एम.२ स्लॉटही द्यायचे असतील, तर काही जोडण्या दोन्हीकडे न्याव्या लागतात आणि मध्ये एक विद्युत स्विच ठेवावा लागतो. रेल्वेचा सांधा बदलला की गाडी या रुळावरून जाते किंवा त्या रुळावरून, दोन्हींवरून नाही. हा स्विचही तसाच एका वेळी एकाच बाजूला वळलेला असतो.

या बोर्डावर M2_2 ला जाणाऱ्या चार लेनपैकी दोन लेन SATA5 आणि SATA6 यांच्याशी सामायिक होत्या. एनव्हीएमई ड्राइव्हला पूर्ण वेगासाठी चारही लेन लागतात. बाकीच्या दोन लेन केवळ पीसीआयईच्याच असल्याने त्यांच्यामुळे कोणताही साटा पोर्ट गेला नाही, म्हणूनच चार लेन घेणाऱ्या ड्राइव्हने चार नव्हे तर दोनच पोर्ट बंद केले. त्याच स्लॉटमध्ये एम.२ आकाराचा पण साटा पद्धतीने बोलणारा एसएसडी बसवला असता, तर त्याला एकच जोडणी पुरली असती आणि एकच पोर्ट गेला असता. बोर्डाला हा फरक कळतो, कारण एम.२ च्या जोडणीवर त्यासाठीच एक पिन राखून ठेवलेली असते. साटा प्रकारच्या ड्राइव्हमध्ये ती पिन ग्राउंडला जोडलेली असते, पीसीआयई प्रकारच्या ड्राइव्हमध्ये ती मोकळी सोडलेली असते. संगणक सुरू होताना बोर्ड ही पिन पाहून स्विच वळवतो. त्या वेळी पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही आणि SATA5 वर डिस्क जोडलेली आहे की नाही याची पाहणीही होत नाही. माझ्या मते ही उणीवच आहे, कारण एक ओळीची सूचना दाखवणे फर्मवेअरला मुळीच अवघड नाही.

पुस्तिकेत हे सगळे लिहिलेले होते, पण जिथे मालकाने पाहिले तिथे नव्हते. पुस्तिकेच्या सुरुवातीला असलेल्या वैशिष्ट्यांच्या यादीत साटा पोर्टांपुढे ६ आणि एम.२ स्लॉटांपुढे २ असे स्वतंत्र आकडे होते. ते आकडे खोटे नाहीत, पण ते बोर्डावरच्या जोडण्या मोजतात, एकाच वेळी वापरता येणाऱ्या जोडण्या नव्हे. त्या आकड्यांपुढे लहान तारांकने होती आणि खरी माहिती त्या तारांकनांच्या टिपांमध्ये आणि बरीच पाने पुढे असलेल्या एका तक्त्यात होती.

म्हणून पुस्तिका पानामागून पान वाचण्यापेक्षा तिची पीडीएफ घेऊन तीत ठरावीक शब्द शोधणे अधिक फलदायी ठरते. `share`, `unavailable`, `disabled` आणि `bandwidth` हे चार शब्द शोधले की लेन वाटून घेण्याविषयीची जवळजवळ सगळी वाक्ये समोर येतात. पीडीएफ उतरवून घेताना बोर्डावर छापलेले पूर्ण नाव आणि आवृत्ती क्रमांक जुळवून पाहावा. नावात एका अक्षराचा फरक असलेल्या दोन बोर्डांची लेनवाटणी पूर्णपणे वेगळी असू शकते आणि शेजारच्या बोर्डाची पुस्तिका इतकी सारखी दिसते की चूक ध्यानात येत नाही.

या बोर्डाच्या तक्त्याचा आशय पुढीलप्रमाणे होता. `v` म्हणजे पोर्ट चालू आणि `x` म्हणजे बंद :

```
                 SATA1  SATA2  SATA3  SATA4  SATA5  SATA6
M2_1  PCIe SSD     v      v      v      v      v      v
M2_1  SATA SSD     x      v      v      v      v      v
M2_2  PCIe SSD     v      v      v      v      x      x
M2_2  SATA SSD     v      v      v      v      x      v
```

हा तक्ता वाचताना तीन गोष्टी एकत्र धराव्या लागतात : स्लॉट कोणता, ड्राइव्ह कोणत्या प्रकारचा आणि त्यामुळे जाणारा पोर्ट कोणता. यापैकी मधली गोष्ट सर्वांत जास्त वेळा निसटते. एम.२ हे केवळ आकाराचे आणि जोडणीचे नाव आहे. त्या आकारात पीसीआयई ड्राइव्हही मिळतात आणि साटा ड्राइव्हही, आणि दोन्हींची ओळ तक्त्यात वेगळी असते. या बोर्डावर तर हा फरक निर्णायक आहे. M2_1 मध्ये साटा प्रकारचा ड्राइव्ह बसवला असता तर SATA1 बंद झाला असता आणि त्यावर लिनक्स असल्यामुळे संगणक सुरूच झाला नसता. त्याच M2_1 मध्ये एनव्हीएमई ड्राइव्ह बसवला तर एकही पोर्ट जात नाही. ‘M2_1 वापरला की SATA1 जातो’ अशी अर्धवट ऐकीव माहिती घेऊन कोणी M2_1 टाळला, तर तो नेमक्या चुकीच्या स्लॉटकडे ढकलला जाईल.

सर्व पुस्तिकांत असा नेटका तक्ता असतो असे नाही. काहींमध्ये ही माहिती एका वाक्यात, एम.२ स्लॉटच्या वर्णनाखालच्या टिपेत असते, आणि त्या वाक्यातील अट फार काळजीपूर्वक वाचावी लागते. ‘साटा प्रकारचे उपकरण बसवल्यास अमुक पोर्ट बंद होईल’ असे लिहिलेले असेल तर एनव्हीएमई ड्राइव्हला ती अट लागू नाही. ‘स्लॉट वापरात असल्यास’ असे लिहिलेले असेल तर दोन्ही प्रकारांना लागू आहे. काही पुस्तिकांत संपूर्ण बोर्डाची चौकटींची आकृती असते आणि ती मला तक्त्याहूनही उपयुक्त वाटते, कारण तिच्यात चिपसेटपासून निघालेली रेषा मध्येच फुटून एक फाटा एम.२ कडे आणि दुसरा साटाकडे गेलेला स्पष्ट दिसतो. एखाद्या स्लॉटची रेषा थेट प्रोसेसरपासून निघाली असेल, तर त्या स्लॉटमध्ये बसवलेल्या एनव्हीएमई ड्राइव्हमुळे चिपसेटचे साटा पोर्ट सहसा जात नाहीत. झेड३७० वर मात्र प्रोसेसरच्या १६ लेन ग्राफिक्ससाठी असतात आणि या बोर्डावर दोन्ही एम.२ स्लॉट चिपसेटवरच होते.

पोर्टांचे क्रमांक जुळवणे हे आणखी एक काम आहे. पुस्तिका आणि बोर्डावरची छपाई SATA1 पासून मोजते, तर चिपसेटची स्वतःची मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि काही बोर्डांची छपाईही शून्यापासून असते. पोर्ट बहुधा जोडीने एकावर एक असतात, तेव्हा वरचा SATA5 की खालचा, हे अंदाजाने न ठरवता पुस्तिकेतील आकृतीवरून ठरवावे. कोणती डिस्क कोणती, हे `sda`, `sdb` या नावांवरून ओळखू नये, कारण एखादा पोर्ट गेला की ती नावे सरकू शकतात. डिस्कवर छापलेला अनुक्रमांक हीच खात्रीची ओळख आहे आणि तो असा पाहता येतो :

```
lsblk -o NAME,TRAN,SIZE,SERIAL
```

उपाय आता उघड होता. संगणक बंद करून वीज काढली, ग्राफिक्स कार्ड उतरवले, एनव्हीएमई ड्राइव्ह M2_2 मधून काढून M2_1 मध्ये बसवला आणि SATA2 वर हलवलेली केबल पुन्हा SATA5 वर आणली. सुरू केल्यावर नोंदीतला आकडा `0x3f` झाला आणि सहाही पोर्ट परतले. ड्राइव्हचा वेग कमी झाला नाही, कारण दोन्ही स्लॉट चार लेनचे होते आणि दोन्हींची माहिती शेवटी चिपसेट व प्रोसेसर यांना जोडणाऱ्या एकाच दुव्यावरून जाते, ज्याची क्षमता सेकंदाला सुमारे ३.९ जीबी आहे.

अ‍ॅरे मात्र तीनच डिस्कांवर उभा राहिला. मधल्या काळात तीन डिस्कांवर लिहिले गेले होते आणि SATA6 ची डिस्क मागे राहिली होती. लिनक्सचे रेड प्रत्येक डिस्कवर एक घटनाक्रमांक ठेवते आणि तो बदलत्या नोंदींबरोबर वाढत जातो. चारही डिस्कांचे क्रमांक तपासल्यावर तिघींचा सारखा आणि चौथीचा कमी निघाला, म्हणून यंत्रणेने तिला बाजूला ठेवले होते. तसे ठेवणे योग्यच होते, कारण जुनी माहिती नव्यात मिसळली असती तर फाइल बिघडल्या असत्या. पुढील दोन आज्ञांपैकी पहिली क्रमांक दाखवते आणि दुसरी डिस्क परत सामील करते. डिस्कचे नाव अर्थातच आधी अनुक्रमांकावरून निश्चित केलेले असावे :

```
mdadm --examine /dev/sdX1 | grep Events
mdadm /dev/md0 --re-add /dev/sdX1
```

या अ‍ॅरेमध्ये कोणत्या भागात बदल झाले याची नोंद ठेवणारा बिटमॅप होता, १०० जीबीहून मोठ्या अ‍ॅरेला `mdadm` तो सहसा आपणहून जोडते. त्यामुळे चौथ्या डिस्कवर फक्त बदललेले भाग लिहिले गेले आणि ४ टीबी पुन्हा भरावे लागले नाहीत. बिटमॅप नसता तर संपूर्ण डिस्क नव्याने भरावी लागली असती आणि तेवढा सगळा वेळ उरलेल्या तीनपैकी एकही डिस्क जाऊन चालले नसते. याहून मोठा धोका दुसराच होता. दोन डिस्क दिसत नसताना, अ‍ॅरे मोडला असे समजून कोणी `mdadm --create` ने तो नव्याने बनवला असता, तर डिस्कांवरची रचनेची नोंद पुसली गेली असती आणि पोर्ट परत मिळूनही माहिती मिळवणे अतिशय कठीण झाले असते. `0x3f` दिसेपर्यंत अशी कोणतीही आज्ञा देऊ नये.

मालकाला पुढे दुसरा एनव्हीएमई ड्राइव्हही हवा आहे आणि त्याच्यासाठी M2_2 वापरला तर SATA5 व SATA6 पुन्हा जातील. या बोर्डावर त्याच्यासमोर दोन वाटा आहेत. एक म्हणजे पीसीआयई स्लॉटमध्ये साटा नियंत्रकाचे कार्ड लावून दोन डिस्क त्यावर नेणे. लिनक्सचा रेड डिस्कांना पोर्टावरून नव्हे तर त्यांच्यावरील नोंदीवरून ओळखतो, त्यामुळे डिस्क दुसऱ्या नियंत्रकावर गेल्याने अ‍ॅरे बिघडत नाही. दुसरी वाट म्हणजे एनव्हीएमई ड्राइव्ह पीसीआयई स्लॉटमध्ये बसणाऱ्या अडॅप्टरवर लावणे आणि M2_2 रिकामा ठेवणे. मात्र लांब दिसणारे काही स्लॉट प्रत्यक्षात दोनच लेनवर चालतात आणि बायोसमध्ये त्यांना चार लेन दिल्या की त्याही साटा पोर्टांकडूनच घेतल्या जातात. तेव्हा कार्ड किंवा अडॅप्टर घेण्याआधी त्याच पुस्तिकेत `share` आणि `bandwidth` हे शब्द पुन्हा शोधावेत, आणि या वेळी एम.२ ऐवजी ज्या पीसीआयई स्लॉटमध्ये ते बसणार आहे त्याच्या नावापुढची टीप वाचावी.